रील पहिल्या तीन सेकंदांतच सुटते? पहिली ओळ अशी तपासा

लक्षणं

गूळवाले, चपलेवाले, मिसळवाले, घरगुती चटणी-मसाला विकणाऱ्या ताई, सगळे माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात: "व्हिडिओ चांगला झालाय, पण कुणी थांबतच नाही." व्हिडिओ बहुतेकदा खरंच चांगला असतो. कोल्हापुरातल्या छोट्या विक्रेत्यांच्या संहिता दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात हा बिघाड इतक्या वेळा हाताखालून गेलाय की तपासायचा क्रम आता ठरून गेलाय. तोच इथे देतो.

आधी बिघाड पहिल्या ओळीतच आहे की दुसरीकडे, ते ठरवा. यूट्यूब स्टुडिओत त्या शॉर्टचं ॲनालिटिक्स उघडा. किती जण थांबले आणि किती जण सरकवून पुढे गेले, हे तिथे टक्क्यांत दिसतं. त्याखाली रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या सेकंदाला किती बघणारे उरले याचा, आलेख असतो. इन्स्टाग्रामवर रीलच्या इनसाइट्समध्येही तसाच आलेख असतो आणि पहिल्या तीन सेकंदांत निघून गेलेल्यांचं प्रमाण Skip rate या नावाने मिळतं.

आलेख पहिल्या दोन-तीन सेकंदांत कड्यावरून पडल्यासारखा कोसळत असेल आणि त्यानंतर बऱ्यापैकी सपाट चालत असेल, तर दोष पहिल्या ओळीचा. जे टिकले त्यांना व्हिडिओ आवडलाय, बाकीच्यांना आत यायला कारणच मिळालं नाही. याच्या जोडीला आणखी एक खूण दिसते. शेअर आणि सेव्ह व्ह्यूजच्या मानाने बरे असतात, कमेंट करणारे मात्र सगळे ओळखीचे असतात. ओळखीचा माणूस तुमचा चेहरा बघून थांबतो, अनोळखी माणूस ओळ ऐकून थांबतो.

सुरुवात टिकली आणि आठव्या-दहाव्या सेकंदाला मोठी घसरण झाली, तर ओळ ठीक आहे, पण तिने दिलेला शब्द पुढे पाळला गेलेला नाही. त्यासाठी खाली पाचवी तपासणी आहे, थेट तिकडे जा. आलेख पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा उतरत असेल, तर विषय किंवा लांबी तपासा. पहिली ओळ बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. एक गोष्ट बघून गोंधळू नका: शॉर्ट्सचा आलेख कधीकधी शंभर टक्क्यांच्या वर सुरू होतो. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होतो आणि लोक तो परत बघतात, म्हणून तसं दिसतं.

नुसत्या व्ह्यूजच्या आकड्यावरून निदान करू नका. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू मोजला जातो, बघणारा किती वेळ थांबला याला त्यात महत्त्व नाही. त्यामुळे व्ह्यूज वाढलेले आणि थांबणारे कमी, असं चित्र आता सर्रास दिसतं.

पुढच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतो, म्हणजे धागा सुटणार नाही. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचा व्हिडिओ. मालकांचा मुलगा फोनवर शूट करतो आणि गूळ पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवतो. चित्रण सुंदर होतं: चुलवाणात धडधडणारा जाळ, काहिलीत उकळणारा रस, वाफेत उभा असलेला गुळव्या. तरीही बघणारे तिसऱ्या सेकंदालाच निघून जात होते.

पहिली तपासणी: ओळीच्या आधी काय आहे?

फुकट आणि एका मिनिटाचं काम. व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये उघडा आणि पहिल्या कामाच्या शब्दाआधी काय काय पडलंय ते बघा. बहुतेक व्हिडिओंत तिथे दुकानाचा फिरता लोगो, बोलण्याआधीचा श्वास आणि "नमस्कार मित्रांनो, आपल्या चॅनेलवर मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो" हे सगळं असतं. हे म्हणून होईपर्यंत चार सेकंद संपतात. म्हणजे तुमची पहिली ओळ खरं तर पाचव्या सेकंदाला सुरू होते, आणि तोवर ऐकणारा गेलेला असतो.

हे आधी बघायचं कारण असं की इथे दोष सापडला तर नवीन लिहावं लागत नाही आणि पुन्हा शूटही करावं लागत नाही. नुसतं कापायचं. कामाच्या पहिल्या अक्षराच्या अगदी आधीपर्यंत कापा आणि नव्याने अपलोड करा.

इथे मला हमखास विरोध होतो. "राम राम न म्हणता बोलायला सुरुवात करायची? बरं दिसत नाही ते." भावना रास्त आहे. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी या-बसा म्हणतात. पण शॉर्ट व्हिडिओत बघणारा अजून दारात आलेलाच नसतो, तो रस्त्यावरून चाललेला असतो. नमस्कार काढून टाकू नका, पहिल्या ओळीनंतर घ्या. सातव्या सेकंदाचा "राम राम" तितकाच आपुलकीचा वाटतो, आणि तो ऐकायला माणसं तिथे असतात.

गुऱ्हाळाच्या व्हिडिओत सुरुवातीचे साडेतीन सेकंद असे निघाले. आकडा थोडा सुधारला, पण कडा तसाच राहिला. मग दुसरी तपासणी.

दुसरी तपासणी: घड्याळ लावून ओळ मोठ्याने वाचा

ही सगळ्यात महत्त्वाची. निम्म्याहून जास्त व्हिडिओ मी इथेच दुरुस्त होताना पाहिलेत. फोनवर स्टॉपवॉच लावा, पहिली ओळ बोलायच्या गतीने म्हणा आणि तीन सेकंद झाले की थांबा. तोवर तोंडातून जेवढं बाहेर पडलं तेवढंच कागदावर लिहा. बघणाऱ्याच्या हाती तेवढंच लागलेलं आहे.

गुऱ्हाळाची मूळ ओळ अशी होती:

"कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या पारंपरिक गुऱ्हाळावर कोणत्याही रसायनाशिवाय शुद्ध, सेंद्रिय गूळ कसा तयार केला जातो, हे आज आपण पाहणार आहोत."

एकोणीस शब्द, आठेक सेकंद. तीन सेकंदांत हाती काय लागतं? "कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या पारंपरिक गुऱ्हाळावर". यात काय घडतंय ते नाही, का बघायचं ते नाही. गूळ हा शब्दच दहावा आहे. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, छापील मजकुरात शोभेलही, पण कानाला ते फार उशिरा पोचतं.

हा दोष मराठीत जास्त होतो, त्याला कारण आहे. आपल्या लिखित वाक्यात क्रियापद शेवटी येतं. कुठे, कुणाचं, कसलं, कशाशिवाय ही सगळी विशेषणं आणि स्थळं त्याच्या आधी रांगेत उभी राहतात. काय झालं, ते सगळ्यात शेवटी कळतं. पुस्तक वाचणारा तेवढं थांबतो. अंगठा स्क्रीनवर ठेवून बसलेला माणूस थांबत नाही. म्हणून पहिल्या ओळीत दोनच उपाय चालतात: एक तर वाक्य इतकं आखूड करा की क्रियापद तिसऱ्या सेकंदाच्या आत येईल, नाहीतर बोलीत आपण करतो तसं महत्त्वाचं पुढे आणा. "सहाला बंद होतं दुकान." "फाटली तर पैसे परत, ही चपल." आपण रोज असंच बोलतो. लिहायला बसलो की मात्र शाळेतला निबंध आठवतो.

पहिली दुरुस्ती केली: "रसायन न घालता गूळ कसा होतो?" सहा शब्द, अडीच सेकंद. आधीपेक्षा पुष्कळ बरी. पण हे वाक्य कुठलाही गूळवाला म्हणू शकतो, आणि "रसायन न घालता" हे डोळ्यांना दिसत नाही. ओळ तशीच बाजूला ठेवली आणि पुढे गेलो.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट बघून घ्या. ओळीच्या सुरुवातीला "कोल्हापूरकरांनो" आहे का? राजारामपुरीतल्या मिसळच्या गाड्यासाठी ती हाक उत्तम, कारण गिऱ्हाईक इथलंच हवंय आणि बाकीचे निघून गेले तरी चालतं. पण गूळ पुण्या-मुंबईला विकायचा असेल, तर त्या एका शब्दाने तुम्ही आपल्याच गिऱ्हाइकाला पहिल्या सेकंदात सांगता की हे तुमच्यासाठी नाही. "नाद खुळा" आणि "जगात भारी" यांनी सुरुवात करायचं मी कोल्हापूरच्या बघणाऱ्यांसाठीही टाळतो. शब्द आपले आहेत, लाडके आहेत, पण ते इतक्या व्हिडिओंच्या तोंडी आहेत की पुढे काय येणार हे त्यांतून कळत नाही.

तिसरी तपासणी: आवाज बंद करून बघा

व्हिडिओ म्यूट करा आणि पहिले तीन सेकंद बघा. बसमध्ये, ऑफिसात, बाळ झोपलेल्या घरात लोक असेच बघतात. ओळ जे सांगते ते चित्रात दिसतंय का? गुऱ्हाळाच्या व्हिडिओत ओळ गुळाची होती आणि चित्र होतं गुऱ्हाळाच्या पाटीचं. कान एकीकडे, डोळे दुसरीकडे. असं झालं की चांगली ओळही वाया जाते, कारण बघणारा आधी चित्रावरून ठरवतो आणि मग ऐकतो.

पडद्यावरचा मजकूर चार-पाच शब्दांचा ठेवा आणि मधल्या भागाच्या थोडा वर बसवा. खाली कॅप्शन येतं, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं येतात, तिथलं काही वाचता येत नाही. देवनागरीची एक खास खबरदारी घ्या: काही ॲपमधल्या फाँटमध्ये जोडाक्षरं फुटतात, आणि दोन ओळी फार जवळ आल्या की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. अपलोड करण्याआधी साध्या, लहान स्क्रीनच्या फोनवर एकदा वाचून बघा.

आवाज पुन्हा चालू केल्यावर पहिली ओळ स्पष्ट ऐकू येते का, तेही इथेच तपासा. गुऱ्हाळावर चरकाचा आवाज इतका असतो की जवळ उभं राहून बोललेलंही विरून जातं. अशा वेळी चित्र तिथलं घ्या आणि ओळ घरी बंद खोलीत, फोन तोंडाजवळ धरून रेकॉर्ड करा. ओळ ऐकूच येत नसेल तर तिच्या शब्दांवर पुढे मेहनत घेण्यात अर्थ नाही.

चौथी तपासणी: ओळ ऐकून मनात प्रश्न उभा राहतो का?

इथून पुढेही पैसे लागत नाहीत, पण विचार लागतो.

ओळ एकटी, व्हिडिओशिवाय, व्हॉट्सॲपवर दोन-तीन माणसांना पाठवा. ती तुमच्या गिऱ्हाइकासारखी असावीत: गूळ विकायचा तर पुण्यातली मावशी, चपला विकायच्या तर कॉलेजातला भाचा. एवढंच विचारा, "यापुढे काय असेल असं वाटतं?" उत्तर तीनपैकी एका प्रकारचं येतं. त्यांनी पुढचं सगळं अचूक सांगितलं, तर ओळीनेच सगळं सांगून टाकलंय आणि थांबायला काही उरलेलं नाही. त्यांना काहीच सांगता आलं नाही, तर ओळ फार मोघम आहे. त्यांनी एक अंदाज सांगितला आणि लगेच विचारलं, "तसंच आहे का रे?", तर ओळ लागली. बघणाऱ्याला अंदाज बांधता आला पाहिजे आणि तो खरा ठरतो का, हे कळायची घाई झाली पाहिजे.

चपलेचं उदाहरण इथे चटकन कळतं. "कोल्हापुरी चप्पल ही महाराष्ट्राची शान आहे" ही ओळ मी कितीतरी व्हिडिओंच्या सुरुवातीला ऐकलीय. तिच्याशी सगळे सहमत असतात, म्हणूनच कुणी थांबत नाही. वादही नाही आणि शंकाही नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही काही जण पहिल्याच ओळीत घालतात. माहिती खरी आहे, पण ती पंधराव्या सेकंदाची माहिती आहे. आता ही ओळ बघा: "या चपलेत एकही खिळा नाही." पाच शब्द, दोन सेकंद. पारंपरिक कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवतात, त्यामुळे विधान खरं आहे. मग ती जोडली कशी, हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि हातातली चपल उलटी करून दाखवली की डोळ्यांनाही काम मिळतं. मात्र तुमची चपल खरोखर तशी असेल तरच ही ओळ घ्या. बाजारात चिकटवलेल्या आणि खिळे मारलेल्याही असतात.

आता ही ओळ सापडायची कुठे? टेबलावर बसून कल्पना लढवण्याआधी कच्चं चित्रण आवाजासकट पूर्ण ऐका. काम करणारा माणूस हातातलं काम न थांबवता जे बोलून जातो, त्यात पहिली ओळ बहुतेकदा पडलेली असते. तो मुलगा आणि मी असंच ते चित्रण ऐकत होतो. एका तुकड्यात गुळव्या काहिलीतला थोडासा पाक थंड पाण्याच्या भांड्यात सोडतो आणि बोटांनी चाचपतो. कॅमेऱ्यामागून मुलगा विचारतो, "आण्णा, हे काय बघताय?" मान वर न करता आण्णा म्हणतात, "गोळी इरघळली तर कसला गूळ? झालाच न्हाई म्हणायचा."

तो तुकडा मूळ व्हिडिओत घेतलेलाच नव्हता. मुलाला वाटलं होतं, हे तर रोजचंच आहे. त्याच्यासाठी रोजचं, पुण्यातल्या गिऱ्हाइकाने ते आयुष्यात पाहिलेलं नाही. त्यातून ओळ झाली:

"ही गोळी विरघळली, तर गूळ झालाच नाही."

सात शब्द, तीन सेकंदांच्या आत. "ही गोळी" म्हणताक्षणी पाक पाण्यात पडताना दिसतो. "तर" आला की काहीतरी पणाला लागलंय हे कळतं. शेवटी प्रश्न उरतो: विरघळली की नाही? आणि ही ओळ दुसऱ्या कुठल्याही धंद्याच्या व्हिडिओवर बसत नाही. हीच मी शेवटची कसोटी मानतो. "ही चूक तुम्हीही करताय का?" ही ओळ गुळावर बसते, केसांच्या तेलावर बसते आणि म्युच्युअल फंडावरही बसते. जी सगळीकडे बसते, तिने पुढे काय आहे ते काहीच सांगितलेलं नसतं.

आण्णांच्या तोंडचं "इरघळली" तसंच ठेवावं का, यावर आमची चर्चा झाली. आवाज आण्णांचा असेल तर बोली तशीच ठेवायची आणि पडद्यावरचा मजकूर प्रमाण मराठीत द्यायचा. बोलणारा मुलगा असेल तर त्याने स्वतःच्या नेहमीच्या बोलण्यात म्हणायचं. आण्णांच्या बोलीची नक्कल केली की ऐकणाऱ्याला ती लगेच कळते. इथे चरकाच्या आवाजात आण्णांचा शब्द दबत होता, म्हणून मुलाच्या आवाजात घेतलं.

पाचवी तपासणी: ओळीने दिलेला शब्द कधी पाळला जातो?

पहिली ओळ सुधारली की घसरण बऱ्याचदा पुढे सरकते. तिसऱ्या सेकंदाला थांबलेला माणूस नवव्याला जातो. त्याचं कारण असं की ओळीने गोळीबद्दल विचारलं आणि पुढची वीस सेकंदं आजोबांनी गुऱ्हाळ कधी सुरू केलं ते चाललंय. बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. दुसरं टोकही वाईट. उत्तर अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत दाबून ठेवलं तर लोक कंटाळतात, आणि पुढच्या वेळी तुमचा चेहरा दिसला की आधीच सरकतात.

मी असं करतो: अर्धं उत्तर आठव्या सेकंदाच्या आसपास देतो, आणि त्याच उत्तरातून दुसरा प्रश्न उघडतो. गुऱ्हाळाचा पस्तीस सेकंदांचा व्हिडिओ शेवटी असा बसला.

पहिले तीन सेकंद पाक पाण्यात पडतो आणि ओळ येते. तीन ते आठमध्ये आण्णा बोटांनी चाचपतात, गोळी पसरते, मुलगा म्हणतो, "नाही झाला. अजून जाळ पाहिजे." हे अर्धं उत्तर. मग होणार कधी, हा नवा प्रश्न. आठ ते बावीसमध्ये चुलवाण, त्यात जाणारं वाळलेलं चिपाड, रसावर येणारी मळी आणि ती वर आणायला घातलेला भेंडीच्या खोडाचा चिकट रस. माहितीचा भाग एवढाच, आणि "राम राम" आणि गावाचं नावही इथेच. बावीस ते अठ्ठावीसमध्ये दुसरी गोळी. ही घट्ट वळते, बोटांत पसरत नाही. आण्णा नुसती मान हलवतात. शेवटच्या सात सेकंदांत काहील उतरते, पाक वाफ्यात ओतला जातो आणि गूळ कसा मागवायचा ते येतं.

मूळ चित्रण जवळपास सगळं वापरलं गेलं. नवीन शूट काहीच केलं नाही, फक्त क्रम बदलला आणि आवाज घरी घेतला. आजोबांचा भाग मुलाला फार जवळचा होता. तो स्वतंत्र व्हिडिओसाठी राखून ठेवला, त्याला त्याची स्वतःची पहिली ओळ लागेल.

सहावी तपासणी: तीच बॉडी, तीन वेगळ्या पहिल्या ओळी

ही सगळ्यात वेळखाऊ, म्हणून शेवटी. वरचं सगळं करूनही आकडा हलत नसेल तरच करा. व्हिडिओचा बाकी भाग अजिबात न बदलता पहिल्या तीन सेकंदांच्या तीन आवृत्त्या करा. गुळासाठी एक गोळीची, दुसरी मळीची, "रसावरचा हा काळा फेस कुठे जातो?", आणि तिसरी गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातली, "पुरणाचा गूळ पातळ सुटतो ना?" तीन ओळी खरोखर तीन वेगळ्या दिशांच्या हव्यात. एकाच वाक्यातला एखादा शब्द इकडेतिकडे केला तर आकड्यांतून काही कळणार नाही.

इन्स्टाग्रामवर ट्रायल रील्सची सोय तुमच्या खात्यावर असेल तर ती वापरा. त्यात रील आधी फॉलोअर नसलेल्यांना दाखवली जाते, आणि आपल्याला परीक्षा अनोळखी लोकांचीच घ्यायचीय. नसेल तर तिन्ही आवृत्त्या काही दिवसांच्या अंतराने, पण दिवसाच्या साधारण त्याच वेळेला टाका. तुलना व्ह्यूजची करू नका, तीन सेकंदांनंतर किती टक्के उरले याची करा. शे-दोनशे लोकांनी पाहिलेल्या दोन व्हिडिओंतला चार-पाच टक्क्यांचा फरक म्हणजे नुसता योगायोग असू शकतो. प्रत्येक आवृत्ती निदान हजारभर लोकांपर्यंत पोचू द्या आणि मगच कौल द्या. तोवर व्हिडिओ काढून टाकू नका. पहिल्या संध्याकाळचा आकडा बघून घाबरून डिलीट करणारे खूप भेटतात आणि त्यांच्याकडे तुलना करायला काहीच उरत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तीन खरोखर वेगळ्या ओळी तपासून झाल्या आणि तिन्हींचा कडा जवळपास सारखाच आला, तर ओळी लिहिणं थांबवा. दोष आता चित्रात किंवा विषयात आहे. अनुभवी एडिटरला कच्चं चित्रण दाखवा, एडिट केलेला व्हिडिओ नको. त्यात पहिल्या दोन सेकंदांत डोळा धरून ठेवेल असा एकही तुकडा नसेल, तर तो तसं स्पष्ट सांगेल आणि काय शूट करायचं तेही सांगेल. खोलीत रेकॉर्ड करूनही आवाज घुमत किंवा खरखरत असेल तर ध्वनीचं काम करणाऱ्याला एकदा बोलवा. ॲपमधल्या फिल्टरांनी तो दोष जात नाही, उलट आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. आणि एका व्हिडिओऐवजी सगळ्याच व्हिडिओंची पोच एकाएकी बंद झाली असेल, तर खात्याच्या सेटिंगमध्ये अकाउंट स्टेटस बघा. तिथे निर्बंध दिसत असेल तर त्यावर ओळीचा इलाज नाही, अपीलच करावं लागतं.

खाण्याच्या किंवा औषधी वस्तूचा व्हिडिओ असेल तर पहिल्या ओळीतला दावा आधी तपासा, मग बाकीचं. गुळाच्या बाबतीत हा प्रसंग नेहमी येतो. गुळाला फिका पिवळा रंग यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रो पावडर नावाचं रसायन वापरतात, हे खरं आहे. त्यावरून लगेच "पिवळा गूळ म्हणजे विष!" अशी ओळ सुचते, आणि ती थांबवतेही. पण ती खरी नाही. उसाची जात, जमीन, मळी किती काढली, यावरही रंग ठरतो, आणि स्वच्छ केलेला बिनरसायनाचा गूळही उजळ रंगाचा असू शकतो. अशी ओळ शेजारच्या प्रामाणिक गुऱ्हाळाच्या पोटावर पाय देते. शिवाय अन्नपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केली तर अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 53 खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि विक्रीसाठी केलेली रील ही जाहिरातच असते.

म्हणून "केमिकलमुक्त", "सेंद्रिय", "शुगर असणाऱ्यांनाही चालतो" यांपैकी काहीही पहिल्या ओळीत आलं की मी लिहिणं थांबवतो. पहिल्या दाव्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो आणि दुसऱ्यासाठी सेंद्रिय प्रमाणपत्र. तिसरा दावा गुळाच्या बाबतीत करूच नये, कारण गूळ ही साखरच आहे आणि मधुमेह असलेल्या माणसाने काय खावं ते त्याचे डॉक्टर सांगतील. त्या मुलाने गुळाचा नमुना तपासणीला दिला. अहवाल येईपर्यंत व्हिडिओतून "रसायनाशिवाय" हा शब्द पूर्ण काढला, पडद्यावरच्या मजकुरातूनही आणि कॅप्शनमधूनही.